मॉरिशसचे 'मराठी' म्हणजे नेमके कुठले? कोल्हापुरात उघडलेल्या एका कागदाचं प्रकरण

गेल्या गणपतीनंतर आमच्या मित्राकडं मॉरिशसहून एक पाव्हणे आले होते. वय साठीच्या पुढं, तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, त्यामुळं मराठी चांगलं बोलायचे, फक्त ते सगळं पुस्तकातलं मराठी, 'मला आनंद होत आहे' असं पूर्ण वाक्य. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला भाऊ. मित्रानं माझ्याकडं आणायचं कारण एवढंच की २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची जी धावपळ आपल्याकडं चालू झाली त्यात मी गल्लीतल्या चार-पाच घरांना जुन्या नोंदी शोधून द्यायला मदत केली होती, तेव्हापासून कुणाचंही जुनं कागद निघालं की माझ्याकडं येतं.

सरांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक झेरॉक्स होती. त्यांच्या खापरपणजोबांची मॉरिशसच्या इमिग्रेशन रजिस्टरमधली नोंद, मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे तिथं ही सगळी जुनी रजिस्टरं ठेवलीत आणि वंशजांना तिथून उतारा मिळतो. सरांचं म्हणणं साधं होतं. "आम्ही मराठी. मराठी म्हणजे छत्रपती, आणि छत्रपतींची गादी कोल्हापूरला. म्हणून आमचं मूळ गाव इकडेच कुठेतरी असणार." अंबाबाईची ओटी पण भरून आले होते, कुलदेवी म्हणून.

मी कागद बघितला आणि जिल्ह्याच्या रकान्यातच अडकलो. साहेबी स्पेलिंग होतं, वाचलं तर 'रटनागेरी'. म्हंजे रत्नागिरी. गावाचं नाव 'सीरगांव' सारखं काहीतरी, परगण्याचा रकाना रिकामा, आणि जातीच्या जागी 'कूनबी'. कोल्हापूर कुठंच नाही.

आता इथं गोष्ट संपली असती, सर तुमचं गाव कोकणात म्हणून सांगून त्यांना एसटीत बसवलं असतं. पण सरांचा प्रश्न वेगळाच निघाला आणि तो मला अजून सोडत नाही. ते म्हणाले, "पण मग आम्हाला कुणीच कधी कोकणी का म्हटलं नाही? कागदावर जिल्हा आहे, गाव आहे, जात आहे. आणि आज माझ्या नातवाच्या नावापुढे फक्त एकच शब्द आहे, मराठी. मधले सगळे कुठे गेले?"

तर हे मधलं सगळं कुठं गेलं ते एका घरापुरतं धरून सांगतो.

पहिलं म्हणजे माणसं गेली कशी. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली, ऊसमळ्यांना माणसं पाहिजे होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली आणि हे १९१० पर्यंत चाललं. साधारण साडेचार लाख माणूस गेला. हेच ते गिरमिटिये. जहाजं तीन बंदरांतून सुटायची, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई, त्यात मुंबईचा वाटा सगळ्यात कमी. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरायची तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे, २००६ पासून.

उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. आणि रजिस्टरात जेवढं लिहायचे तेवढं आपल्या तलाठ्यानंही लिहिलं नसतं: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, तारीख. म्हणजे पहिल्या दिवशी सरकारच्या लेखी हा माणूस 'मराठी' नव्हताच, तो अमक्या गावचा अमक्या जातीचा अमक्या नंबरचा माणूस होता. सगळं वेगळेपण कागदावर शाबूत.

मग मळ्यावर गेल्यावर काय झालं, तर मालकाला आणि मुकादमाला गाव-परगण्याचं काही पडलेलं नव्हतं. माणूस कुठल्या बंदरातून आला एवढं बास. त्यामुळं मुंबईहून आलेले ते 'बॉम्बे', मद्रासहून आलेले 'मद्रास'. तिथल्या क्रिओल बोलीत तमिळांना अजून मद्रास म्हणतात, आणि मराठी लोकांना बॉम्बे म्हणायची पद्धत सरांच्या लहानपणीही होती. विचार करा, रत्नागिरीचा कुणबी, साताऱ्याचा मराठा, सावंतवाडीचा गावकर, ठाण्याचा कोळी, सगळ्यांना नाव पडलं ते ज्या गावात त्यांचं घर नव्हतं त्या गावाचं. त्यातले कितीतरी जण मुंबईत आधीच पोट भरायला आलेले असणार, कारण रत्नागिरी जिल्हा मुंबईला माणसं पुरवणारा मोठा जिल्हा होताच, आणि भरती करणारा एजंट पण तिथंच बसायचा.

सरांच्या खापरपणजोबाचंही आडनाव असंच गेलं. आपल्याकडं कोकणात आडनावाला 'कर' लागला की गाव लगेच कळतं, पण रजिस्टरात माणसाचं एक नाव आणि बापाचं नाव एवढंच असायचं. पुढं बापाचं किंवा आज्याचं नाव हेच आडनाव बनलं, सरांचं आजचं आडनाव म्हणजे त्या खापरपणजोबाचंच पहिलं नाव आहे, साहेबी स्पेलिंगमध्ये. गाव सांगणारी शेपटी तिथंच तुटली. ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण आपल्या हातात आज गाव शोधायचं सोपं साधन तेवढंच असतं आणि तेच नाही.

दुसरी पायरी राज्यघटनेची. मॉरिशस १९६८ ला स्वतंत्र झालं तेव्हा घटनेत निवडणुकीच्या सोयीसाठी चार समाज धरले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि राहिलेले सगळे म्हणजे 'जनरल पॉप्युलेशन'. तिथं निवडून न आलेल्यांपैकी आठ जणांना समाजाचा तोल राखायला जागा देतात, बेस्ट लूझर म्हणतात त्याला, त्यासाठी हा हिशोब. त्यात मराठी हा शब्दच नाही. सर हिंदूत. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट ही की त्यांच्याच गावाशेजारचा, तीच बोली बोलणारा कोकणी मुसलमान त्या काळात त्याच बंदरातून गेला असता तर त्याचे वंशज मुस्लिमांच्या रकान्यात. म्हणजे मॉरिशसमध्ये 'मराठी' म्हटलं की ते मराठी बोलणाऱ्या हिंदूंचं नाव होतं, भाषेचं राहत नाही. एका गावची माणसं दोन समाजांत आणि दहा जिल्ह्यांची माणसं एका समाजात.

हे चार समाजांचं मोजमाप शेवटचं झालं १९७२ च्या शिरगणतीत. नंतर समाजाचा प्रश्न काढून टाकला कारण त्यावरून लोकांत फूट पडते असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. पण प्रश्न काढला तरी मोजणी थांबली नाही, ती दुसऱ्या प्रश्नांत शिरली, हीच खरी तिसरी पायरी.

शिरगणतीच्या फॉर्मात तीन वेगवेगळे प्रश्न यायचे. धर्म कुठला, पूर्वजांची भाषा कुठली, आणि घरात नेहमी कुठली भाषा बोलता. हे तीन प्रश्न नीट बघा कारण सगळं गणित इथं आहे. सरांच्या घरात सगळे क्रिओल बोलतात, सरांची आई भोजपुरी पण बोलायची कारण आजूबाजूची सगळी वस्ती भोजपुरी. मराठी फक्त पूजेला, शाळेत आणि सर स्वतः वर्गात शिकवताना. म्हणून घरच्या भाषेत ते क्रिओल लिहितात. पूर्वजांच्या भाषेत मराठी. आणि धर्माच्या जागी? तिथंही त्यांनी मराठी लिहिलं! मी दोनदा विचारलं, सर धर्म मराठी कसा असंल? तर ते म्हणाले तिथं तमिळ, तेलुगू, मराठी हे धर्माच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनही चालतं, कितीतरी लोक तसंच लिहितात, नाहीतर आकडेवारीत सगळे उत्तर भारतीय हिंदूंत मिसळून जातात.

२००० च्या शिरगणतीत घरात मराठी बोलतो म्हणणारे दोन हजारांच्या आत होते, आणि पूर्वजांची भाषा मराठी म्हणणारे त्याच्या कितीतरी पट. मग मॉरिशसमध्ये मराठी किती असं विचारलं तर उत्तर कुठला रकाना उघडता त्यावर आहे. कुठंही परदेशातल्या मराठी माणसांचा आकडा वाचला की पहिलं बघायचं, प्रश्न काय विचारला होता. धर्माचा, पूर्वजांचा, का जिभेचा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तर समजायचं भाषा जिवंत आहे, आणि पूर्वजांचा आकडा मोठा नि घरचा आकडा बारीक असला तर समजायचं की इथं भाषेच्या नावानं समाज मोजलाय.

आणि 'पूर्वजांची भाषा' हा प्रश्न असा आहे की त्यात गाव बसतच नाही. उत्तर द्यायचं तर एखाद्या मोठ्या भाषेचं नाव पाहिजे. आईकडची नि बापाकडची वेगळी असली तर दोन भाषा जोडून नोंदवता यायच्या, म्हणजे मिश्र घराला तरी जागा होती. पण बापाचे पूर्वज चिपळूणचे आणि आईचे देवगडचे असले तर दोन्हीकडं मराठीच, मिश्र काही नाहीच.

हे देवगड मी उगाच नाही घेतलं. परत कागदाकडं येऊ.

सीरगांव म्हणजे शिरगाव असणार. पण शिरगावं किती! रत्नागिरी शहराला लागून एक शिरगाव आहे, चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाट उतरलं की एक आहे, आणि देवगड तालुक्यात, आपण फोंडा घाट उतरून नांदगाववरून देवगडला जातो त्या रस्त्यावर एक आहे. देवगड आज सिंधुदुर्गात, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला, त्याआधी देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच. त्यामुळं जुन्या कागदावर रत्नागिरी दिसलं म्हणून आजच्या रत्नागिरीत शोधायला गेलं की निम्मे लोक तिथंच फसतात. सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान, त्यामुळं तिकडचा माणूस असता तर वेगळं लिहिलं असतं, तेवढं एक बाद करता आलं.

मग फरक काय पडतो म्हणाल? लई पडतो. चिपळूणचं शिरगाव असलं तर खापरपणजोबा संगमेश्वरीच्या जवळची बोली बोलत असणार, ती भारताच्या जनगणनेत सरळ मराठीत जाते. देवगडचं असलं तर मालवणी. आणि आपल्या जनगणनेच्या भाषांच्या यादीत मालवणी ही कोकणीखाली धरलेली आहे, मराठीखाली नाही. म्हणजे बघा, मालवणी बोलणारा भाऊ गावात राहिला तर त्याचे वंशज आपल्या सरकारच्या हिशोबात कोकणी भाषिक होऊ शकतात, आणि सख्खा भाऊ जहाजात बसला तर त्याचे वंशज मॉरिशसच्या हिशोबात मराठी. दोघांनी तोंडातून एकच शब्द काढला असणार. त्या काळात ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात तर कोकणी मराठीचीच बोली म्हणून घातली होती, तो खंड १९०५ चा, आणि कोकणी आपल्या घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली १९९२ ला. इकडं रेघ नंतर ओढली गेली, तिकडं माणसं त्याआधीच निघून गेलेली, त्यामुळं ती रेघ त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

मी सरांना म्हटलं, घरातलं काहीतरी जुनं आठवा, पुस्तकातलं नको. आजी काय म्हणायची? बराच वेळ बसले डोळे मिटून. मग म्हणाले, आजी आजोबांच्या वडिलांबद्दल बोलताना 'त्यांचा बापूस' म्हणायची. मला एकदम बरं वाटलं, कारण आमच्याकडं रंकाळ्याच्या बाजूला बापूस कुणी म्हणत नाही, हा घाटाखालचाच शब्द. पण बापूस चिपळूणलाही आहे आणि देवगडलाही, त्यामुळं घाट ठरला, गाव नाही ठरलं.

मग त्यांनी झाकरी सांगितली. मॉरिशसच्या मराठी लोकांत गणपतीत झाकरी नाचतात, गोल करून, पायात घुंगरू, मध्ये गाणारे. सरांनी फोनवर व्हिडिओ दाखवला. अहो ही तर जाखडी! गौरी-गणपतीला चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, दापोली भागात कुणबी लोक नाचतात तीच, ज्याला मुंबईत बाल्या नाच म्हणतात. आणि देवगड-मालवणकडं जोर दशावताराचा. मग मी लगेच म्हणून टाकलं, सर ठरलं, चिपळूण!

ही माझी चूक होती, आणि ती सरांनीच काढली. ते म्हणाले, "भाऊ, झाकरी आमच्याकडे आता सगळेच करतात. ज्यांच्या कागदावर सातारा आहे तेही करतात." बरोबर आहे. कुणाच्या तरी गावचं नाचणं सगळ्या समाजाचं झालं, कार्यक्रमात 'मराठी संस्कृती' म्हणून स्टेजवर आलं, आणि एकदा ते सगळ्यांचं झालं की त्यावरून एका घराचं गाव ओळखता येत नाही. गणपतीचंही तसंच. तिथं पहिला गणपती १८९६ ला हेन्रिएटा गावात बसला असं सांगतात, आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. कोकणातला घरचा गणपती, पुण्यामुंबईतला मंडळाचा गणपती हा फरक तिथं कुणाला सांगायचा?

हे असं होण्यात नुसतं सरकारनं दामटून एक केलं असं म्हणणं मला पटत नाही. समाजालाही एक व्हायचं होतं. तिथं शाळेत मुलाला एक पूर्वजांची भाषा घेता येते, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी वगैरे. रेडिओ-टीव्हीवर भाषेप्रमाणं कार्यक्रम, देवळांच्या संस्थांना सरकारी अनुदान भाषेच्या समाजाप्रमाणं, त्यात मराठी मंडळी फेडरेशन वेगळं. भाषेवरून भावना किती तापतात हे १९९८ मध्ये दिसलं, नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली म्हणून एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागं घ्याव्या लागल्या. अशा ठिकाणी साडेबारा लाखांच्या देशात काही हजार माणसांनी आम्ही चिपळूणकर, आम्ही देवगडकर, आम्ही सातारकर असं म्हटलं असतं तर एक मराठीचा शिक्षकसुद्धा मिळाला नसता. सर स्वतः ज्या नोकरीवर जगले ती नोकरी 'मराठी' या एका रकान्यामुळं होती. तोच रकाना त्यांच्या आजीची बोली शाळेत येऊ देत नव्हता, कारण पुस्तक प्रमाण मराठीचं. वर्गात एखाद्या पोरानं घरचा जुना शब्द काढला तर मी तो दुरुस्त करायचो, असं सर म्हणाले आणि गप्प झाले. मी पण काही बोललो नाही.

भोजपुरीवाल्यांचंही थोडंफार असंच, घरात भोजपुरी आणि पूर्वजांची भाषा म्हणून कितीतरी जण हिंदी लिहितात. म्हणजे हे फक्त आपलं दुखणं नाही.

राहिला 'कूनबी' हा शब्द. इथं माझ्या गल्लीतली माणसं हा एक शब्द सापडावा म्हणून दिवसच्या दिवस जुन्या दप्तरात घालवतात आणि सरांच्या झेरॉक्सवर तो स्वच्छ अक्षरात होता, त्यांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. शिरगणतीत जात विचारत नाहीत. मला आधी वाटलं केवढी माहिती वाया गेली. मग वाटलं त्याच रजिस्टरात महार म्हणून लिहिलेली माणसंही आहेत, त्यांच्या नातवंडांना पुढं फक्त 'मराठी' एवढंच म्हणवून घेता आलं असंल तर ते त्यांना नको होतं असं मी कोण म्हणणार. गाव हरवलं याचं दुःख आहे आणि गावानं लावलेलं लेबल सुटलं याचं समाधान पण असू शकतं, दोन्ही एकाच कागदात.

शेवटी सरांनी दोन्हीकडं जायचं ठरवलं. आधी कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूणचं शिरगाव, मग खाली देवगड. रत्नागिरीजवळचं वाटेत. मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, सर, गाव सापडो न सापडो, नातवासाठी यावर लिहून ठेवा: नंबर, जहाज, जिल्हा रत्नागिरी म्हणजे जुना रत्नागिरी, गाव शिरगाव, तीनपैकी एक, जात कुणबी, आणि आजी बापूस म्हणायची. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं. शेवटच्या ओळीला थांबले आणि विचारलं, बापूस मधला पू ऱ्हस्व की दीर्घ. मी म्हटलं आजी जसं म्हणायची तसं लिहा. त्यांनी दीर्घ लिहिला.